दोन्ही विधानं खरी, पण एक दुसऱ्याचं कारण नाही: ज्युरिस्प्रुडन्समधले विधान-कारण प्रश्न

*प्रश्न: नेट-सेटच्या लॉ पेपरची तयारी करतोय. विधान (A) आणि कारण (R) या प्रकारात दोन्ही विधानं बरोबर आहेत इथपर्यंत येतो, पण R हे A चं योग्य स्पष्टीकरण आहे की नाही इथे नेहमी अडकतो. ज्युरिस्प्रुडन्समध्ये तर फारच. मध्ये 'कारण' हा शब्द घालून वाक्य वाचायची युक्ती क्लासमध्ये सांगितली होती, ती वापरूनही चुकतं. नक्की काय बघायचं?*

'कारण' घालून वाचायची युक्ती भूगोलाला चालते. तिथे दोन्ही विधानं जगाविषयी असतात आणि जगात एका गोष्टीमुळे दुसरी घडते की नाही, एवढंच तपासायचं असतं. ज्युरिस्प्रुडन्समधली बहुतेक विधानं जगाविषयी नसतात, कुणीतरी मांडलेल्या मताविषयी असतात. 'ऑस्टिनच्या मते आंतरराष्ट्रीय कायदा हा काटेकोर अर्थाने कायदा नाही' हे विधान खरं ठरतं ते ऑस्टिनने तसं म्हटलं म्हणून. आंतरराष्ट्रीय कायद्याचं आज काय स्थान आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मग त्याचं स्पष्टीकरणही ऑस्टिनच्याच युक्तिवादातून यायला हवं. तुम्हाला पटणारं, किंवा ऐकायला जुळणारं कारण तिथे उपयोगाचं नाही.

तुम्ही मध्ये 'कारण' घालून वाचता तेव्हा दोन वाक्यांमधला पूल तुमचं मन स्वतःच बांधतं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाविषयी असतील तर हा पूल फार सहज बांधला जातो. म्हणून प्रश्न बदला. 'हे वाक्य जुळतंय का?' असं न विचारता 'A पर्यंत पोचताना या विचारवंताने R ही पायरी वापरली होती का?' असं विचारा.

ऑस्टिनवरच करून बघू.

A: ऑस्टिनने आंतरराष्ट्रीय कायद्याला 'पॉझिटिव्ह मोरॅलिटी' म्हटलं.

R खाली न बघता आधी स्वतः उत्तर द्या: त्याने असं का म्हटलं? त्याच्या मते कायदा म्हणजे सार्वभौमाने आपल्या अंमलाखालच्या लोकांना दिलेली आज्ञा, आणि ती मोडली तर शास्ती. राष्ट्रांच्या डोक्यावर असा निश्चित, सगळ्यांना सवयीने आज्ञा पाळायला लावणारा सार्वभौम कुणी नाही. त्यामुळे राष्ट्राराष्ट्रांतले नियम लोकमताने उभे केलेले नियम ठरतात आणि कायद्याच्या बाहेर जातात. हे कारण मनात पक्कं झालं की मग R वाचा.

R असं असेल, 'राष्ट्रांवर सत्ता असणारा निश्चित असा सामाईक सार्वभौम नाही', तर ते स्पष्टीकरण आहे. इथे अडचण नाही.

R असं असेल, 'ऑस्टिनच्या मते सार्वभौमत्व अविभाज्य असतं', तर तेही खरं, त्याच माणसाचं, त्याच सिद्धांतातलं. 'कारण' घालून वाचलं तर विद्वत्तापूर्णही वाटतं. पण आंतरराष्ट्रीय कायद्याला कायद्याच्या बाहेर काढताना ऑस्टिनला अविभाज्यतेची गरज पडलेली नाही. अविभाज्यतेचा संबंध एका राज्याच्या आत सत्ता कुठे आहे याच्याशी येतो, आणि अमेरिकेसारख्या संघराज्यात तिथेच त्याची अडचण होते. दोन्ही खरी, स्पष्टीकरण नाही.

R असं असेल, 'हार्टच्या मते आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम बदलण्याचे आणि न्यायनिवाड्याचे दुय्यम नियम नाहीत', तर विषय तोच राहिला पण माणूस बदलला. ऑस्टिनची व्याख्यानं पुस्तकरूपाने 1832 मध्ये आली, हार्टचा ग्रंथ 1961 चा. हार्टचं निरीक्षण ऑस्टिनच्या मताचं कारण होऊच शकत नाही. शिवाय हार्ट ते निरीक्षण करून ऑस्टिनच्या निष्कर्षाला येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याला 'कायदा' म्हणायला त्याची हरकत नाही.

आता याच A सोबत चौथं R घ्या: 'ऑस्टिनच्या मते कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा.' हुशार विद्यार्थी इथे घसरतात. त्यांना वाटतं, एवढ्याने काही A सिद्ध होत नाही, राष्ट्रांवर सार्वभौम नाही हेही सांगायला हवं होतं, म्हणून स्पष्टीकरण अपुरं आणि उत्तर 'स्पष्टीकरण नाही'. पण पर्यायात 'योग्य स्पष्टीकरण' असं लिहिलेलं असतं, 'संपूर्ण स्पष्टीकरण' असं नाही. R जर A कडे जाणाऱ्या वाटेवरची खरी पायरी असेल, तर बाकीच्या पायऱ्या न लिहिल्याने ते स्पष्टीकरण नाहीसं होत नाही. अविभाज्यता त्या वाटेवर नाही, आज्ञा आहे. फरक एवढाच, आणि सगळं काम तोच करतो.

पायरी वाटेवर आहे, पण A च्या पुढे आहे, असाही प्रकार असतो. उदाहरणार्थ:

A: ऑस्टिनच्या मते सार्वभौमाच्या सत्तेला कायदेशीर मर्यादा नसते.
R: ऑस्टिनच्या मते सार्वभौमापुरतं पाहिलं तर राज्यघटनेचा कायदा ही केवळ पॉझिटिव्ह मोरॅलिटी आहे.

दोन्ही खरी, आणि इथे संबंध नाही असं म्हणताही येणार नाही. पण तो उलट्या दिशेचा आहे. सार्वभौमाला कायद्याने बांधता येत नाही, म्हणून त्याला बांधू पाहणारे घटनेचे नियम कायदा ठरत नाहीत. म्हणजे R हा A मधून निघालेला निष्कर्ष झाला. A चं कारण वेगळं आहे: सार्वभौमावर आज्ञा चालवणारा दुसरा कुणी असेल तर तोच सार्वभौम ठरेल. मी वर्गात अशा जोडीला दोन्ही बाजूंनी वाचायला लावतो. एकदा 'A, कारण R' आणि एकदा 'R, कारण A'. दुसरं वाचन जास्त नैसर्गिक वाटलं तर सावध व्हायचं. 'दोन्ही खरी पण स्पष्टीकरण नाही' या पर्यायाचा अर्थ दोन विधानं एकमेकांना अनोळखी असली पाहिजेत असा नाही. R ने A समजावून दिलं नाही, एवढंच तो पर्याय म्हणतो.

आता ज्या जागी सर्वांत जास्त गुण जातात तिथे थांबू: केल्सन.

A: केल्सनच्या मते कायद्याच्या नियमाला वैधता मिळते ती त्याच्या वरच्या नियमाकडून.
R: केल्सनच्या मते संपूर्ण कायदेव्यवस्था ढोबळमानाने परिणामकारक राहिली नाही, तर तिच्यातले नियम वैध राहत नाहीत.

दोन्ही खरी आहेत. पहिल्याचं चित्र सगळ्यांना पाठ असतं: नगरपालिकेची उपविधी कायद्यावर उभी, कायदा राज्यघटनेवर, आणि सर्वांत वर गृहीत धरलेला मूलभूत नियम, ग्रुंडनॉर्म. दुसरंही केल्सननेच सांगितलेलं आहे. लोक आणि अधिकारी जी व्यवस्था अजिबात पाळत नाहीत, तिचे नियम कागदावर कितीही नीट रचलेले असले तरी तो त्यांना वैध म्हणत नाही.

आता विद्यार्थी असा विचार करतो: परिणामकारकता काढून घेतली की वैधता जाते, म्हणजे वैधता परिणामकारकतेमुळे आहे, म्हणून R हे A चं स्पष्टीकरण. क्लासमध्ये शिकवली जाणारी दुसरी युक्ती हीच असते, 'R काढून बघा, A पडतं का'. ती इथे दोन ठिकाणी दगा देते.

एक तर A नीट वाचलेलं नसतं. 'नियम वैध आहे' असं A म्हणत नाही. वैधता कुठून येते हे A सांगतं. वैधता केव्हा जाते हे R सांगतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काढून बघायचीच असेल तर परिणामकारकता ही वस्तुस्थिती काढून चालणार नाही, R हे मत काढून बघावं लागेल. केल्सनने परिणामकारकतेविषयी काहीच म्हटलं नसतं, तरी वैधता वरून खाली येते हे त्याचं म्हणणं जसंच्या तसं उभं राहिलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केल्सनच्या सिद्धांताचा कणाच असा, की 'आहे' यावरून 'असायला हवं' काढता येत नाही. लोक नियम पाळतात, ही 'आहे' प्रकारची गोष्ट. नियम बंधनकारक आहे, ही 'असायला हवं' प्रकारची. त्यामुळे एका नियमाची वैधता दुसऱ्या नियमाकडूनच येऊ शकते, वस्तुस्थितीकडून नाही. परिणामकारकता ही वैधतेची अट आहे, पण वैधतेचं कारण नाही, असं तो स्पष्ट सांगतो. माणूस जिवंत राहायला अन्न लागतं, पण जगणं म्हणजे अन्न मिळणं नव्हे, हा दाखला त्याचाच. म्हणजे R ला A चं कारण म्हटलं, तर आपण केल्सनचा जो मुख्य मुद्दा तोच मोडतो. उत्तर: दोन्ही खरी, R हे स्पष्टीकरण नाही.

याच A खाली जर R असं आलं, 'केल्सनच्या मते असायला हवं हे विधान आहे या विधानातून निघू शकत नाही', तर उत्तर लगेच बदलतं. तेच खरं कारण. ही दोन R शेजारी शेजारी वहीत लिहून ठेवा, कारण केल्सनवर विधान-कारण प्रकारचा प्रश्न काढायचा तर याच दोन मतांभोवती फिरावं लागतं.

अट आणि कारण यांची ही गल्लत परीक्षेपुरती नाही. पाकिस्तानात ऑक्टोबर 1958 मध्ये राज्यघटना रद्द करून लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोस्सो खटल्यात केल्सनचा आधार घेऊन नव्या व्यवस्थेला मान्यता दिली. क्रांती यशस्वी झाली आणि नवी व्यवस्था पाळली जातेय, म्हणून ती वैध, असा तो तर्क होता. 1972 च्या अस्मा जिलानी खटल्यात त्याच न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि केल्सनचा असा वापर चुकीचा ठरवला. परीक्षेत दोस्सोबद्दल प्रश्न आला तर हे लक्षात ठेवा: 'दोस्सो निर्णयात केल्सनचा आधार घेतला गेला' हे विधान खरं, 'केल्सनने परिणामकारकतेला वैधतेचं कारण मानलं' हे खोटं. इथे उत्तर 'A खरं, R खोटं' कडे जातं, आणि 'अट' या शब्दाच्या जागी 'कारण' एवढा एक शब्द बदलूनही परीक्षक तुम्हाला तिथे नेऊ शकतो.

बाकीच्या काही जोड्या सोप्या असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. 'सॅव्हिनीने 1814 मध्ये जर्मन कायद्याच्या संहिताकरणाला विरोध केला' याखाली 'जर्मन नागरी संहिता 1 जानेवारी 1900 पासून लागू झाली' असं R आलं, तर नंतरची घटना आधीच्या मताचं कारण होत नाही. 'सॅव्हिनीने कब्ज्यासाठी कॉर्पस आणि अॅनिमस हे दोन घटक मानले' असं आलं, तर माणूस तोच पण विषय दुसरा. 'मेनच्या मते प्रगतिशील समाजांचा प्रवास स्टेटसकडून कॉन्ट्रॅक्टकडे झाला' याखाली 'मेन भारतात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य होता' असं चरित्रातलं वाक्य आलं, तर तेही खरं आणि असंबद्ध. हे मत मांडणारा मेनचा ग्रंथ 1861 चा आणि मेन भारतात आला 1862 मध्ये, हे माहीत असेल तर शंकाच उरत नाही.

सॅव्हिनीबाबत एक जोडी मात्र जपून सोडवा. R म्हणून 'सॅव्हिनी हा ऐतिहासिक संप्रदायाचा प्रमुख विचारवंत होता' असं येऊ शकतं. हे नुसतं लेबल आहे. त्याने संहितेला विरोध का केला, याचं उत्तर 'तो ऐतिहासिक संप्रदायाचा होता' असं देणं म्हणजे त्याच्या मतांच्या गठ्ठ्याला दिलेलं नाव परत सांगणं. खरं कारण असं, की कायदा लोकांच्या सामूहिक जाणिवेतून, फोल्क्सगाइस्टमधून, हळूहळू वाढतो, तो कुणी बसून एका फटक्यात घडवू नये. आणि संहिता लिहिण्याइतकं त्या काळचं कायद्याचं शास्त्र तयार झालेलं नाही, असंही त्याचं म्हणणं होतं. माझ्या मते लेबल हे स्पष्टीकरण नाही आणि मी विद्यार्थ्यांना तसंच सांगतो. पण प्रश्न काढणारे सगळे इतके काटेकोर नसतात, हेही खरं. R मध्ये लेबलसोबत सिद्धांताचा एखादा शब्द जोडलेला असेल, जसं 'ऐतिहासिक संप्रदायाच्या मते कायदा घडवला जात नाही, सापडतो', तर ते लेबल राहिलं नाही, कारण झालं.

भारतीय प्रश्नांत आणखी एक वळण असतं: R हे A च्या विरोधात असल्यासारखं दिसतं.

A: सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या आधीच्या निर्णयापासून दूर जाऊ शकतं.
R: अनुच्छेद 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारतातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो.

घाईत वाचणाऱ्याला वाटतं, सर्व न्यायालयांवर बंधनकारक म्हणजे स्वतःवरही, मग A खोटं. तसं नाही. 1955 च्या बेंगाल इम्युनिटी खटल्यात न्यायालयाने सांगितलं की अनुच्छेद 141 मधल्या 'सर्व न्यायालये' या शब्दांत सर्वोच्च न्यायालय स्वतः येत नाही. म्हणून दोन्ही विधानं खरी. पण R जसं लिहिलंय तसं ते A समजावत नाही. A समजायला त्या शब्दांचा अर्थ लावावा लागतो आणि तो R मध्ये नाही. हाच अर्थ R मध्ये लिहिलेला असेल, 'अनुच्छेद 141 मधील सर्व न्यायालये यात सर्वोच्च न्यायालयाचा समावेश नाही', तर मात्र R हे योग्य स्पष्टीकरण. तुमच्या डोक्यात असलेली माहिती R च्या खात्यात जमा करू नका. R मध्ये जेवढे शब्द आहेत तेवढंच R.

मघाशी आज्ञेच्या बाबतीत अपुरं कारणही चालतं म्हटलं आणि इथे चालत नाही म्हणतोय, हे खटकलं असेल. फरक असा: 'कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा' हे वाक्य आपल्या पायांनी A च्या दिशेला जातं, फक्त मध्येच थांबतं. 'सर्व न्यायालयांवर बंधनकारक' हे वाक्य एकटं ठेवलं तर A पासून दूर जातं. त्याला वळवायला बाहेरून अर्थ आणावा लागतो. अपुरं R आणि उलट दिशेला तोंड असलेलं R यांत हा भेद करायला शिकलात की मधल्या, धूसर वाटणाऱ्या बऱ्याच जोड्या सुटतात.

पेपरात प्रत्यक्ष कसं करायचं? A वाचा, R हाताने किंवा नजरेने झाका, आणि मनात एक वाक्य तयार करा: 'त्याने असं म्हटलं, कारण...'. संगणकावरच्या परीक्षेतही हे सहज जमतं, फक्त नजर खाली जाऊ द्यायची नाही. मग R खरं की खोटं एवढंच आधी ठरवा. स्पष्टीकरणाचा विचार त्यानंतर. बरेच जण दोन्ही एकदम करतात आणि R जुळत नाही म्हणून ते खोटंच वाटायला लागतं. शेवटी तुमचं वाक्य आणि R शेजारी ठेवा. तेच असेल किंवा त्याचा भाग असेल तर स्पष्टीकरण. तुमचं वाक्यच तयार झालं नाही, तर तो विचारवंत तुमचा कच्चा आहे, आणि तिथे कोणतीही युक्ती फार मदत करणार नाही. नेटला उणे गुण नाहीत, त्यामुळे उत्तर द्याच, पण त्या विचारवंताचं नाव घरी जाऊन परत वाचायच्या यादीत टाका. पर्यायांचा क्रमही वाचून घ्या. दर वेळी तो तसाच असेल असं धरून चालू नका.

अभ्यासाच्या वहीत बदल करावा लागेल. बहुतेकांच्या नोट्स 'ऑस्टिन: आज्ञा, सार्वभौम, शास्ती' अशा शब्दांच्या यादीसारख्या असतात. त्या यादीवरून 'दोन्ही खरी' एवढं कळतं, पुढचं कळत नाही, आणि तुमचं नेमकं तिथेच अडतंय. त्याऐवजी प्रत्येक मतापुढे दोन बाण काढा. मागे जाणारा बाण: हे मत कशावर उभं आहे. पुढे जाणारा: यातून काय निघतं. हार्टसाठी असं दिसेल. मत: विकसित कायदेव्यवस्था म्हणजे प्राथमिक आणि दुय्यम नियमांचा संयोग. मागचा बाण: नुसत्या प्राथमिक नियमांवर चालणाऱ्या समाजात अनिश्चितता, साचलेपणा आणि अंमलबजावणीतला ढिसाळपणा हे तीन दोष राहतात, आणि ओळखीचा, बदलाचा, न्यायनिवाड्याचा नियम हे त्यांवरचे उपाय आहेत. पुढचा बाण: नियम वैध आहे का, हे ओळखीच्या नियमावरून ठरतं. आणि कुठल्याच बाणावर न बसणारी, तरीही हार्टचीच असलेली मतं खाली वेगळी लिहा: नैसर्गिक कायद्याचा किमान आशय, आणि कायदा व नैतिकता यांत अपरिहार्य संबंध नाही हे मत. वर लिहिलेलं मत A म्हणून आलं की 'दोन्ही खरी, पण स्पष्टीकरण नाही' या उत्तरासाठी परीक्षक R बहुतेक वेळा त्या खालच्या ओळींतूनच उचलतो.